पावसाळाभर बंद राहिलेल्या मोटरीच्या निरोधन-रोधाचे मापन

नदीकाठच्या उपसा सिंचन पंपांना जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत फारसे काम नसते. पिकास पाऊस पाणी देतो आणि पंपघरातील मोटर चार महिने एका जागी उभी राहते. पुढे पाऊस उघडतो, उसास पाणी हवे असते, शाळूची पेरणी डोक्यावर असते आणि एके दिवशी सकाळी प्रश्न येतो: मोटर चालू करावी की नाही? त्याचे उत्तर वायरमन मेगरकडे मागतो. मेगरचा काटा अर्ध्या मेगओहमच्या आसपास थांबतो. यावर एक जण म्हणतो, ‘शून्य नाही ना, मग चालू करा’. दुसरा म्हणतो, ‘गुंडाळी गेली, मोटर दुरुस्तीस पाठवा.’ आमच्या मते दोघेही घाई करीत असतात. मेगरवर दिसणारा आकडा ही मोटरीची परीक्षा खरी, परंतु तो आकडा कशाचा बनला आहे हे समजल्यावाचून तिचा निकाल लावता येत नाही. विशेषतः मोटर वाळवावयास घेतल्यावर हा आकडा जसा वागतो, तो प्रकार प्रथम पाहणारास चांगलाच चकविणारा आहे. प्रस्तुत लेखात पंचगंगेच्या काठावरील एका पाणीपुरवठा संस्थेच्या मोटरीवर घेतलेल्या मापनांच्या आधारे हाच भाग विशद करावयाचा आहे.

मोटर ७५ अश्वशक्तीची, ४१५ व्होल्ट दाबाची, त्रिकला प्रकारची आणि डेल्टा जोडणीची होती. तिचा सांगाडा जाळीदार असल्यामुळे बाहेरची हवा थेट गुंडाळीवरून वाहत असे. पुराचे पाणी तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते, ही गोष्ट आरंभीच नमूद केली पाहिजे. २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत त्या खोऱ्यातील अनेक मोटरी गाळासह पाण्याखाली गेल्या होत्या. तशा मोटरीचा विचार वेगळा. तिला आधी स्वच्छ पाण्याने धुऊन गाळ काढावा लागतो, मगच वाळवणीची गोष्ट. आपल्या मोटरीस केवळ हवेतील दमटपणा बाधला होता.

हा दमटपणा मोटरीत शिरतो कसा? चालू मोटर स्वतःच्या उष्णतेने सभोवतीच्या हवेपेक्षा गरम राहते, म्हणून तिच्यावर दव धरत नाही. बंद मोटरीचे तसे नाही. तिच्या लोखंडाचे वस्तुमान मोठे असल्याने रात्रीची थंडी त्यात सकाळी उशिरापर्यंत टिकते. नदीवरची ओली हवा सकाळी तापू लागते, पण लोखंड व तांबे अजून गारच असतात. त्यांचे तापमान हवेच्या दवबिंदूखाली असले की गुंडाळीच्या टोकांवर, अग्रांच्या पाटीवर आणि खाचांच्या तोंडाशी पाण्याचा पातळ थर जमतो. हे दर दिवशी घडते. शुद्ध पाणी विजेचे वाहक म्हणून फारसे चांगले नाही. परंतु त्या थरात पूर्वी साचलेली धूळ, मातीतील क्षार आणि लोखंडाचा गंज विरघळतो, आणि मग तो थर चांगलाच वाहक होतो. तारेवरील इनॅमलमध्ये पाणी सहजासहजी शिरत नाही. ते शिरते खाचांतील कागदी अस्तरात, बांधणीच्या दोऱ्यांत, तारांवरील नळ्यांत आणि व्हार्निशच्या बारीक भेगांत. पृष्ठभागावरचा ओलावा कोरड्या फडक्याने व थोड्या उबेने जातो. आत मुरलेला ओलावा जाण्यास दिवस लागतात. मेगर मात्र या दोहोंची बेरीज एकाच आकड्यात दाखवितो.

मापनास आरंभ करण्यापूर्वी दोन साध्या गोष्टी पाहिल्या. मेगरची टोके सुटी ठेवून काटा अनंतावर जातो की नाही आणि ती एकमेकांस टेकविली असता शून्यावर येतो की नाही, ही पहिली गोष्ट. सांगाड्यावर ज्या ठिकाणी मेगरची तार लावावयाची तेथील रंग खरवडून लोखंड उघडे केले, ही दुसरी. रंगावर तार लावली तर मेगर निश्चितपणे उत्तम आकडा दाखवितो, मोटर कितीही ओली असो. आजकाल पुष्कळ पंपघरांत इलेक्ट्रॉनिक स्टार्टर असतात. ते मोटरीस जोडलेले ठेवून ५०० व्होल्टचा दाब दिल्यास त्यांतील अर्धसंवाहक भाग निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून मापनापूर्वी त्यांच्या तारा सोडविणे अवश्य आहे.

मोटरीचा दाब १००० व्होल्टच्या आत असल्यामुळे ५०० व्होल्ट एकदिश दाबाचा मेगर योग्य होता. स्टार्टरकडील तारा सोडवून, केबल व मोटर एकत्र धरून पहिले मापन घेतले. एका मिनिटाअखेर ०.३ मेगओहम हा आकडा आला. पुष्कळ ठिकाणी परीक्षा येथेच संपते आणि दोष मोटरीच्या माथी बसतो. आम्ही टर्मिनल बॉक्स उघडून केबल मोटरीपासून अलग केली. नुसत्या केबलचा रोध ०.९ मेगओहम आणि नुसत्या मोटरीचा ०.४५ मेगओहम निघाला. हे दोन रोध समांतर असल्यामुळे त्यांचा एकत्रित रोध बरोबर ०.३ मेगओहम होतो. म्हणजे एकूण गळतीचा तिसरा हिस्सा मोटरीचा नव्हताच. तो केबलच्या टोकांवरील ओल्या मळीचा होता. टोके पुसून, वाळवून आणि पुन्हा मापून पाहता केबल २०० मेगओहमच्या वर गेली. आता प्रश्न मोटरीचाच उरला.

येथे मेगर नेमके काय मापतो हे पाहणे इष्ट होईल. गुंडाळी आणि सांगाडा यांमध्ये एकदिश दाब दिला असता वाहणारा प्रवाह एकच एक नसतो. प्रथम गुंडाळी व लोखंड मिळून होणारे धारित्र भारित होते. हा प्रवाह काही सेकंदांत नाहीसा होतो. दुसरा शोषण-प्रवाह. निरोधक द्रव्यातील रेणू दाबाच्या दिशेने हळूहळू वळतात, काही भार द्रव्याच्या आत सरकून अडकतो, आणि त्यासाठी लागणारा प्रवाह मिनिटांच्या हिशेबाने ओसरत जातो. तिसरा गळतीचा प्रवाह, काही पृष्ठभागावरून व काही द्रव्याच्या आतून जाणारा. तो काळानुसार बदलत नाही. मेगर दाबाला या तिन्ही प्रवाहांच्या बेरजेने भागून आकडा दाखवितो. म्हणूनच काटा वर चढत राहतो आणि म्हणूनच ‘किती मेगओहम?’ या प्रश्नाबरोबर ‘किती वेळाने?’ हेही विचारावे लागते. एक मिनिट हा केवळ संकेत आहे, परंतु सर्वांनी पाळल्यामुळे त्यास अर्थ आला आहे.

कोरड्या मोटरीत गळती अत्यल्प असते. त्यामुळे ओसरणारा शोषण-प्रवाह काट्याच्या चढण्यातून स्पष्ट दिसतो. ओल्या मोटरीत गळती इतकी मोठी असते की शोषण-प्रवाह तिच्यात बुडून जातो आणि काटा जागचा हलत नाही. आपल्या मोटरीत ५०० व्होल्टला ०.४५ मेगओहम म्हणजे सुमारे १.१ मिलिअँपिअर गळती होती. तीच मोटर पुढे वाळल्यावर एकूण प्रवाह साडेबारा मायक्रोअँपिअरवर आला, म्हणजे जवळजवळ नव्वदावा हिस्सा. या शेवटच्या आकड्यातील काही मायक्रोअँपिअर शोषणाचे. ते १.१ मिलिअँपिअरमध्ये कसे दिसणार? प्रत्यक्षात ३० सेकंदांनी ०.४५, ६० सेकंदांनी ०.४५ आणि १० मिनिटांनी ०.४४ असे आकडे मिळाले. दहा मिनिटांच्या रोधास एका मिनिटाच्या रोधाने भागून येणाऱ्या संख्येस ध्रुवीकरण-निर्देशांक म्हणतात. ती येथे एकाच्या किंचित खाली होती. मोठ्या, उच्च दाबाच्या यंत्रांत ही संख्या साधारणपणे २ पेक्षा कमी नसावी असे मानतात. लहान मोटरींत शोषण-प्रवाह दोनतीन मिनिटांतच संपतो. म्हणून तेथे ६० व ३० सेकंदांच्या रोधांचे गुणोत्तर पाहणे अधिक उपयुक्त ठरते. कोणतेही गुणोत्तर घेतले तरी न हलणारा काटा ओलाव्याकडेच बोट दाखवीत होता.

परंतु ओलावाच कशावरून? उंदराने कुरतडलेली किंवा खाचेच्या कडेवर घासलेली तारही असाच कमी आकडा देईल. हे ठरविण्यासाठी डेल्टाची जोडणी सोडवून तिन्ही गुंडाळ्या वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीचे मापन, उरलेल्या दोहोंना सांगाड्यास जोडून, घेतले. १.१, १.२ आणि १.१ मेगओहम असे आकडे आले. तिन्ही सारखी ओली असती तर प्रत्येकीने एकत्रित रोधाच्या तिप्पट, म्हणजे १.३५ मेगओहम दाखवावयास हवे होते. त्यात एका गुंडाळीकडून दुसरीकडे जाणारी गळतीही मिसळल्याने आकडा थोडा खाली येणार, हे उघड आहे. दुखापत अशी तिघींना समसमान वाटून येत नाही. एखादी गुंडाळी ०.५ आणि बाकीच्या दोन ५० मेगओहम असा प्रकार दिसला असता, तर वाळवणीचा खटाटोप न करता मोटर उघडणेच योग्य झाले असते.

आणखी एक खूण आहे आणि ती जुनी आहे. ज्यांच्या कारखान्याने मेगर हे उपकरण रूढ केले, त्या सिडनी एव्हर्शेड यांनी १९१३ मध्ये निरोधन-रोधावर एक विस्तृत निबंध मांडला. ओल्या, सच्छिद्र द्रव्यांचा रोध दाब वाढविला की कमी होतो, हे त्यांनी त्यात दाखविले होते. सूक्ष्म छिद्रांतील पाण्याचे तुटक अंश विद्युत् दाबाने पसरून एकमेकांस जोडले जातात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. आपल्या मोटरीत २५० व्होल्टला ०.६२ आणि ५०० व्होल्टला ०.४५ मेगओहम असा फरक आढळला. काही दुर्बल जागाही असेच वर्तन करतात. म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही. परंतु न हलणारा काटा व तिन्ही गुंडाळ्यांचे साम्य यांच्या जोडीला ती आली, तेव्हा आमच्या मनात फारशी शंका राहिली नाही.

आता मर्यादेचा प्रश्न. निरोधनाचा रोध तापमानानुसार झपाट्याने बदलतो. तापमान दहा अंशांनी वाढले की तो सुमारे निम्मा होतो. म्हणून तुलना करण्यापूर्वी सर्व आकडे ४० अंश सेल्सिअसवर आणतात. मोटरीचे तापमान २६ अंश होते. ४० अंशांस तिचा रोध ०.४५ चा ०.३८ पट, म्हणजे केवळ ०.१७ मेगओहम भरतो. आयईईई या संस्थेच्या ४३ क्रमांकाच्या प्रमाणकाची २०१३ ची आवृत्ती अशा मोटरींसाठी ४० अंशांस किमान ५ मेगओहम सांगते. वायरमन मंडळींच्या तोंडी असलेला ‘किलोव्होल्ट अधिक एक’ हा नियम सुमारे १९७० पूर्वीच्या गुंडाळ्यांपुरता आता उरला आहे. त्याने पाहिले तरी १.४ मेगओहम हवेत. मोटर कोणत्याही मापाने खूपच खाली होती.

येथे एक प्रामाणिक शंका निघते. कार्यावस्थेत गुंडाळी व सांगाडा यांमध्ये २४० व्होल्टचा दाब येणार, ०.४५ मेगओहममधून जेमतेम अर्धा मिलिअँपिअर वाहील. एवढ्याने काय जळणार? जर ही गळती सर्व पृष्ठभागावर समान वाटली जाणारी असती, तर खरोखरच काही बिघडले नसते. अर्ध्या मेगओहमवर चालू केलेल्या आणि पुढे वर्षानुवर्षे चाललेल्या मोटरी आम्हीही पाहिल्या आहेत. पण ओलावा समान नसतो. इनॅमलच्या एखाद्या चिरेपाशी तो साचला, की गळती तेथे एकवटते, पृष्ठभाग करपतो, कोळशाची बारीक रेघ उमटते, आणि ती रेघ पाण्यापेक्षा चांगली वाहक असते. स्टार-डेल्टा बदलाच्या क्षणी दाबाचे जे उसळते तरंग गुंडाळीवर येतात, ते नेमकी हीच जागा शोधतात. मेगरचा कमी आकडा मोटर जळेल असे भाकीत करीत नाही. तिच्यावर भरवसा ठेवण्यास आधार नाही, एवढेच तो सांगतो.

तेव्हा वाळवणी. तिन्ही गुंडाळ्या एकीमागे एक जोडून वेल्डिंगच्या रेक्टिफायर संचातून ४० अँपिअर एकदिश प्रवाह सोडला. मोटरीचा प्रत्येक गुंडाळीतील पूर्णभार प्रवाह सुमारे ५५ अँपिअर असल्यामुळे आणि पंखा बंद असल्यामुळे याहून अधिक घेणे धोक्याचे झाले असते. मोटरीवर ताडपत्री अशी घातली की खालून हवा शिरावी व वरून वाफ बाहेर पडावी. ताडपत्री गच्च बांधली, तर ओलावा गरम होतो, पण जात नाही. पूर्ण बंद सांगाड्याच्या मोटरीत हीच अडचण अधिक असते. तेथे निचऱ्याचे बूच व शक्य तर बाजूचे झाकणही काढावे लागते. तापमान ७५ अंशांवर रोखले. शंभर अंशांच्या जवळ गेल्यास आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती अस्तर व व्हार्निश फोडते.

या पद्धतीत एक सोय आपोआप मिळते. तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठरलेल्या प्रमाणात वाढतो. म्हणून ज्या प्रवाहाने गुंडाळी तापवावयाची, तोच प्रवाह तिचे तापमानही सांगतो. आरंभी २६ अंशांस ४० अँपिअरसाठी १६ व्होल्ट लागले, म्हणजे रोध ०.४० ओहम. तांब्यासाठी तापमानात २३५ मिळवून येणाऱ्या संख्यांच्या प्रमाणात रोध बदलतो. ७५ अंशांस ही संख्या ३१०, २६ अंशांस २६१. त्यांचे गुणोत्तर १.१९. तेव्हा व्होल्टमापक १९ वर आला की गुंडाळीचे सरासरी तापमान ७५ अंश झाले असे समजावयाचे. सरासरी हा शब्द महत्त्वाचा आहे. एखादा कोपरा अधिक तापलेला असू शकतो, म्हणून गुंडाळीच्या टोकापाशी एक तापमापकही ठेवला होता.

ठरावीक अंतराने प्रवाह बंद करून, संचाच्या दोन्ही तारा सोडवून, मेगरने एक मिनिटाचे मापन घेतले. प्रत्येक मापनानंतर गुंडाळी सांगाड्यास निदान चार मिनिटे जोडून ठेवली. शोषला गेलेला भार परत निघण्यास भारण्याच्या चौपट वेळ द्यावा, असा संकेत आहे. नोंदी अशा:

| तास | तापमान (अंश से.) | प्रत्यक्ष रोध (मेगओहम) | ४० अंशांस आणलेला रोध |
|---|---|---|---|
| ० | २६ | ०.४५ | ०.१७ |
| ४ | ५० | ०.१२ | ०.२४ |
| ८ | ७० | ०.०६ | ०.४८ |
| १२ | ७५ | ०.०६ | ०.६८ |
| २४ | ७५ | ०.६ | ६.८ |
| ३६ | ७५ | २.१ | २४ |
| ४४ | ७५ | २.६ | २९ |
| ४८ | ७५ | २.७ | ३१ |

आठव्या तासाची नोंद घेतली तेव्हा रात्र झाली होती. मोटर वाळवावयास लावून तिचा रोध ०.४५ वरून ०.०६ वर, म्हणजे साडेसात पटींनी खाली आला होता. संस्थेचे वायरमन वयाने व अनुभवाने वडील. ते म्हणाले, ‘सर, सकाळी होती ती तरी बरी होती. आता बंद करा, नाहीतर उरलीसुरलीही जाईल.’ त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. काटा तेच सांगत होता. अशा वेळी प्रवाह बंद करून मोटर दुरुस्तीस धाडल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत आणि आठ तासांची वाळवणी तेथे वाया जाते. एवढेच नव्हे, तर अर्धवट तापलेली मोटर रात्रभर गार होताना ओली हवा पुन्हा आत ओढून घेते.

उत्तर कोष्टकाच्या शेवटच्या स्तंभात आहे. २६ अंशांवरून ७० अंशांवर जाताना केवळ तापमानामुळे रोध सुमारे एकविसाव्या हिश्शाने उरावयास हवा होता, म्हणजे ०.०२ मेगओहम. प्रत्यक्षात तो ०.०६ उरला. म्हणजे ओलावा निघू लागलाच होता, परंतु तापमानाची घट त्याहून मोठी असल्याने ती सुधारणा झाकली गेली. ४० अंशांस आणलेला रोध पहिल्या तासापासून एकदाही खाली गेलेला नाही. तापमान ७५ अंशांवर स्थिर झाले, तेव्हा झाकण उडाले आणि प्रत्यक्ष रोधही चढू लागला. आम्ही वायरमनांस कागदावर हे दोन स्तंभ करून दाखविले. ते पूर्णपणे पटल्याचे त्यांनी त्या रात्री तरी सांगितले नाही, पण ‘सकाळपर्यंत बघू’ एवढे म्हणाले आणि पहाटेपर्यंत स्वतःच नोंदी घेत बसले.

या हिशेबाची मर्यादाही सांगितली पाहिजे. दहा अंशांस निम्मा हा नियम ढोबळ आहे आणि ओल्या गुंडाळीला तो काटेकोरपणे लागू पडत नाही. आधुनिक इपॉक्सी व पॉलिएस्टर बंधकांच्या गुंडाळ्यांसाठी २०१३ च्या प्रमाणकात वेगळे गुणक दिले आहेत. म्हणून पहिल्या आठ तासांतील ०.१७, ०.२४, ०.४८ या आकड्यांच्या मूल्यांवर आम्ही भर देत नाही. त्यांच्या दिशेवर देतो. निर्णयासाठी विश्वसनीय भाग तो, जेथे तापमान स्थिर आहे. तेथे कोणताही गुणक नको. वक्र स्वतःच बोलतो. चोवीस ते छत्तीस तासांत तो दीड मेगओहमने चढला, शेवटच्या चार तासांत केवळ ०.१ ने. वक्र आडवा होणे ही वाळवणी संपल्याची खूण. केवळ ५ मेगओहमची मर्यादा पाहून चोविसाव्या तासाला थांबलो असतो, तर प्रमाणकाचे समाधान झाले असते. पण वक्र अजून चढत होता, म्हणजे आत ओलावा होता.

प्रवाह बंद करून ताडपत्रीखालीच मोटर गार होऊ दिली. ३५ अंशांस एक मिनिटाचा रोध ४० मेगओहम आला; ४० अंशांस आणता तो २८. गरम स्थितीतील ३१ या आकड्याशी हा बराच जुळतो, आणि असे जुळणे ही हिशेबाची उलट तपासणी होय. ३० सेकंदांचा रोध २८ मेगओहम होता, म्हणजे गुणोत्तर १.४; काटा आता चढत होता. २५० व्होल्टला ४१ आणि ५०० व्होल्टला ४० मेगओहम. दाबानुसार पडणारा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. पहिल्या सकाळच्या तिन्ही खुणा अशा एकदमच पालटल्या.

तरीही या मापनाने एक गोष्ट कळत नाही. मेगर लावला असता एका गुंडाळीतील सर्व वेढे सारख्याच दाबावर असतात. म्हणून दोन शेजारच्या वेढ्यांमधील इनॅमल निघाले असेल तर त्याचा पत्ता मेगरला लागत नाही. त्यासाठी गुंडाळीवर दाबाचा तीव्र तरंग सोडून तिन्हींची तुलना करणारी वेगळी परीक्षा आहे. तिचे साधन पंपघरात नव्हते. आम्ही तिन्ही गुंडाळ्यांचे तांब्याचे रोध मापून ते समान असल्याचे पाहिले आणि मोटर प्रथम पंपापासून सोडवून रिकामी चालविली. तिन्ही तारांतील प्रवाह समान आले. वेढ्यांचा उघड दोष यात दिसला असता, लपलेला कदाचित नाही. नंतर पंप जोडून पाणी सोडले.

पुढील जूनमध्ये पाऊस सुरू होताच संस्थेने त्या मोटरीच्या आत एक १०० वॉटचा लहान हीटर बसवून तो पंप बंद असेपर्यंत चालू ठेवला. मोटर हवेपेक्षा पाच अंश जरी उबदार राहिली, तरी बहुधा दव धरत नाही. ऑक्टोबरमध्ये वायरमनांनी स्वतः मापन घेऊन वहीत लिहिले: तापमान २७ अंश, एक मिनिटास ५२ मेगओहम. त्याखाली निराळ्या शाईने ४० अंशांचा आकडा काढला होता: २१.